शेवटचा अंक चक्रावरून पडताळणे: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोठ्या घाताचा शेवटचा अंक किंवा भागाकाराची बाकी चक्रावरून तपासायची सवय लागून बरेच महिने झाले. चक्र म्हणजे घात वाढवत नेले की त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येणाऱ्या बाक्या, आणि शेवटचा अंक म्हणजे १० ने भागल्यावरची बाकीच. १० या भाजकासाठी ही युक्ती डोळे झाकून वापरावी, बाकीच्या भाजकांसाठी मात्र आधी त्यांचे अवयव पाहावेत, असं माझं मत बनलंय.

आधी चांगली बाजू. स्प्रेडशीटमध्ये ३ चा ४० वा घात काढला, तर उत्तर १२१५७६६५४५९०५६९००००० असं दिसतं. ३ च्या घातांचे शेवटचे अंक ३, ९, ७, १ असे फिरतात, शून्य त्यात कधी येतच नाही. म्हणजे शेवटची शून्यं खोटी आहेत हे पाहताक्षणीच कळतं. तिथे पहिले पंधराच अंक दाखवले जातात आणि पुढे शून्यं भरली जातात. चक्र चार पायऱ्यांचं आहे आणि ४० ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून शेवटचा अंक चौथ्या जागेवरचा, म्हणजे १. खरी संख्या आहे १२१५७६६५४५९०५६९२८८०१. घातांकाला चक्राच्या लांबीने भागून बाकी शून्य आली की पहिली जागा नव्हे, शेवटची घ्यायची, एवढं पक्कं लक्षात ठेवलं की इथे चुकायला फारसं काही उरत नाही.

खरी गंमत १० सोडून दुसरा भाजक घेतला की सुरू होते. २ च्या १०१ व्या घाताला १२ ने भागून बाकी किती? घात एकेक करून लिहिले तर बाक्या २, ४, ८, ४, ८, ४ अशा येतात. चक्र दोनाचं. १०१ ला २ ने भागून बाकी १, म्हणून पहिली जागा, म्हणून उत्तर २. ओळ अगदी सरळ वाटते, पण उत्तर चूक आहे. सुरुवातीचा २ पुन्हा कधीच येत नाही, तो चक्राच्या बाहेरच उभा आहे. खरं चक्र ४ पासून सुरू होतं, सम घातांकाला ४ आणि ३ पासून पुढच्या विषम घातांकाला ८. म्हणून उत्तर ८.

असं का होतं हे एकदा समजलं की पाठांतर लागत नाही. बाक्या मोजक्याच असतात आणि पुढची बाकी फक्त आताच्या बाकीवर ठरते, त्यामुळे कधीतरी पुनरावृत्ती होणारच. पण ती पहिल्या पदापासूनच होईल असं नाही. पाया आणि भाजक यांच्यात सामाईक अवयव नसेल तर आताच्या बाकीवरून आधीची बाकीही नेमकी ठरते, म्हणजे मागे परतता येतं, म्हणून चक्र पहिल्या पदापासूनच चालतं. सामाईक अवयव असेल तर सुरुवातीची काही पदं गळू शकतात. १० मध्ये ही अडचण दिसत नाही, कारण १० म्हणजे २ गुणिले ५, कोणताही मूळ अवयव दोनदा नाही. अशा भाजकाला कोणताही पाया घ्या, चक्र पहिल्या पदापासूनच सुरू होतं. म्हणूनच कोणत्याही संख्येचा आणि तिच्या पाचव्या घाताचा शेवटचा अंक एकच असतो. ६, ३० आणि ४२ हेही असेच सरळ भाजक. १२ मध्ये मात्र २ दोनदा आहे, १०० मध्ये २ आणि ५ दोन्ही दोनदा. शिकताना सगळी उदाहरणं १० ची असतात, म्हणून ही खोड कळायला उशीर होतो, असं मला वाटतं.

शेवटचे दोन अंक काढताना हाच धोका जास्त भेटतो. २ च्या घातांचं तिथलं चक्र २० पदांचं आहे आणि ते ०४ पासून सुरू होतं. २ चा ४१ वा घात घ्या: ४१ ला २० ने भागून बाकी १, म्हणून ०२ लिहायचा मोह होतो. पण २० वा घात १०४८५७६, त्याचे शेवटचे दोन अंक ७६, आणि ७६ ला ७६ ने गुणलं तरी शेवटी ७६ च राहतात. म्हणून ४० व्या घाताच्या शेवटी ७६, आणि त्याची दुप्पट १५२, म्हणजे ५२.

अशी चूक पकडायला मी आता एकच प्रश्न विचारतो. घाताला ४ ने भाग जातो आणि भाजकालाही ४ ने भाग जातो, तर बाकीलाही जायलाच हवा. १२ च्या उदाहरणात २ आणि १०० च्या उदाहरणात ०२ इथेच बाद होतात, चक्र पुन्हा लिहायची गरज पडत नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. शेवटचा अंक जुळला म्हणजे अख्खी संख्या बरोबर, असं नाही. मधले दोन अंक उलटसुलट लिहिले गेले तर शेवटच्या अंकाला पत्ताच लागत नाही. तिथे ११ ची बाकी कामी येते. ३ चा पाचवा घात २४३, त्याला ११ ने भागून बाकी १, म्हणून ४० व्या घाताचीही बाकी १. वरच्या खऱ्या वीस अंकी संख्येतले अंक उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे केले तर उणे १० येतात, त्यात ११ मिळवले की १ च. शेजारचे दोन वेगळे अंक अदलाबदल झाले असते तर हे जुळलं नसतं. ९ ने तपासायचा मार्ग मात्र ३ च्या घातांसाठी जवळपास निरुपयोगी: दुसऱ्या घातापासून पुढे बाकी कायम शून्यच, आणि अंकांचा क्रम बदलला तरी बेरीज तीच राहते.