कोविड होऊन गेला, दोन डोसही झाले, मग आता बूस्टर घ्यायचा का?

आमच्या चुलतभावाचा प्रश्न. वय ४८, देवगडजवळ आंब्याची कलमं, २०२१ मध्ये कोविशिल्डचे दोन डोस, मग २०२२ च्या जानेवारीत ओमिक्रॉनच्या लाटेत टेस्ट पॉझिटिव्ह, चार दिवस ताप आणि पेज खाऊन बरा. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की कोणीतरी बूस्टरचा विषय काढतंच, आणि याचं उत्तर ठरलेलं, "आता परत सुई कित्याक?"

तर दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघू. पण आधी एक गोष्ट सुटी करायला हवी, "परत कोविड होणं" आणि "कोविडने हॉस्पिटलात जाणं" ह्या दोन वेगळ्या भानगडी आहेत, आणि आपण दोन्ही एकत्र कालवतो म्हणून वाद घरात संपत नाही.

नाही घेतला तर काय? आजार आणि लस दोन्ही मिळून जी ताकद येते ती सगळ्यात भक्कम. ओमिक्रॉनच्या काळातले जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं तर दोन डोस अधिक आजार झालेल्यांना वर्षभरानंतरही गंभीर आजारापासून साधारण ९७ टक्के संरक्षण होतं. नुसता आजार झालेला, लस नाही, अशांना ७५ च्या आसपास. म्हणजे दादाचे ते दोन डोस फुकट गेले नाहीत, फरक तिथेच पडलाय. पण नुसता परत संसर्ग होण्यापासूनचं संरक्षण म्हणाल तर ते दोन्ही असलेल्यांचंही वर्षभरात ४२ टक्क्यांवर येतं. म्हणून नाक वाहायचं, घसा धरायचा, ते होणारच कधीतरी.

घेतला तर? साधारण दोन आठवड्यांत अँटिबॉडी वाढतात, काही महिने संसर्ग होण्याची शक्यता कमी होते, मग ती वाढ उतरते. गंभीर आजाराचा धोका ह्या माणसाला आधीच इतका कमी आहे की त्यातून आणखी कमी करायला फारसं उरत नाही. शिवाय कोविशिल्ड, कोव्हॅक्सिन दोन्ही मूळच्या, म्हणजे २०२० च्या विषाणूवर बेतलेल्या, आणि दादाच्या शरीराने तर प्रत्यक्ष ओमिक्रॉन बघितलाय, त्याला जुनाच फोटो परत दाखवून नवीन काय शिकवणार? (हे माझं मत, पण हिशोब तसाच आहे.)

त्रास म्हणाल तर हात दुखणं, एखाद दिवस ताप, बस. कोविशिल्डने रक्ताच्या गुठळ्या होतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खोटं नाही पण अतिशय दुर्मिळ, आणि झालंच तर डोसनंतरच्या काही आठवड्यांत, जास्त करून पहिल्या डोसला. २०२१ मध्ये घेतलेल्याने आता त्याची झोप उडवायचं कारण नाही.

आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना तिसरा डोस खुला झाला, तेव्हा बऱ्याच लोकांनी घेतला नाही. पुढे मार्च २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने निरोगी मध्यमवयीन लोकांसाठी दोन डोस आणि एक बूस्टर इथपर्यंतच सांगितलं, त्यापुढे रूटीन बूस्टर नको, आणि म्हातारी माणसं, डायबिटीस किंवा हार्टचा आजार असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले ह्यांना मात्र अधूनमधून हवाच. म्हणजे कागदावर दादाचा एक बूस्टर राहिलाय, पण ओमिक्रॉन होऊन गेल्यावर त्याने तो घेतला नाही म्हणून मी तरी भांडणार नाही. आजी ७९ ची, घरातला डोस तिच्यासाठी विचारावा, त्याच्यासाठी नाही.

आता ज्यावर सगळं अडलंय ते, "निरोगी" कोण? आमच्याकडे निरोगी म्हणजे ज्याने कधी तपासलं नाही तो. दादा कलमांवर चढतो, फणस एका हाताने उचलतो, म्हणून निरोगी. मी म्हटलं लस राहू दे, आधी उपाशीपोटी शुगर आणि बीपी बघ. तालुक्याच्या लॅबमध्ये शुगर आली १४८. तो म्हणाला काल आमरस झाला होता, म्हणून आठवड्याने परत, आमरस बंद करून, तर १४१. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, दोन वेळा, म्हणजे डायबिटीस धरतात, आणि एक रात्रीचा आमरस उपाशीपोटीच्या आकड्यात इतका टिकत नाही.

मग गणित फिरलं ना. वर दिलेला सगळा "नको"चा हिशोब निरोगी माणसाचा होता, आणि हा आता दुसऱ्या यादीत गेला. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या, लसीबद्दल म्हणाले, शुगर आटोक्यात आली की बूस्टर घ्यायला हरकत नाही, पण आधी फोन करून मिळतो का ते विचारा, कारण आता लस ठेवणारेच कमी. दादाने फोन केला, तालुक्यात नाही, आता कणकवलीला विचारतोय.