मोर्चावर बंदी आणि शिपायाची बडतर्फी: कुठे कोणती कसोटी मांडावी?

दुसऱ्या वर्षाला प्रशासकीय कायदा शिकताना बहुतेक विद्यार्थी वाजवीपणाची कसोटी सौम्य आणि प्रमाणशीरपणाची कडक, एवढं पाठ करतात. मूटमध्ये ते पुरत नाही. तिथे खरा प्रश्न असतो की आदेश योग्य होता का, हे ठरवायचं कोणी.

वाजवीपणाचं मूळ इंग्लंडमधल्या १९४७ च्या वेडन्सबरी निकालात आहे. रविवारी चित्रपट दाखवायला परवानगी देताना तिथल्या नगर प्रशासनाने पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको अशी अट घातली, आणि न्यायालयाने ती कायम ठेवली. अधिकाऱ्याने गैरलागू गोष्टी विचारात घेतल्या का, महत्त्वाच्या गोष्टी सोडल्या का, किंवा कुठल्याही समंजस अधिकाऱ्याला सुचणार नाही असा निर्णय घेतला का, एवढंच न्यायालय पाहतं. निवड अधिकाऱ्याचीच राहते. प्रमाणशीरपणात न्यायालय स्वतः त्या निवडीचं मोजमाप करतं आणि समर्थन सरकारला द्यावं लागतं.

आता आपल्याकडचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हिवाळी अधिवेशन सुरू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) आदेश निघतो की अधिवेशन संपेपर्यंत नागपूर शहरात कुठेही मोर्चा वा धरणं नको. कारण दिलंय वाहतूक आणि सुव्यवस्था.

वेडन्सबरी लावली तर हा आदेश बहुधा टिकेल. गर्दी होते, विधानभवनाची सुरक्षा महत्त्वाची आहे; असा विचार करणारा अधिकारी अविवेकी म्हणता येत नाही.

प्रमाणशीरपणात चार प्रश्न येतात. उद्देश वैध आहे का? आहे. उपायाचा उद्देशाशी संबंध आहे का? आहे, मोर्चे नसले की रस्ता मोकळा राहतो. या दोन पायऱ्यांवर सरकार सहसा हरत नाही, म्हणून तिथे वेळ घालवू नका. तिसरी पायरी आवश्यकतेची: तितकाच परिणामकारक पण कमी जाचक मार्ग होता का? ठरावीक मार्ग, वेळेची मर्यादा, विधानभवनापासून काही अंतरावर मोर्चा अडवणं हे पर्याय आहेत, आणि नागपूर पोलिस वर्षानुवर्षं मोर्चे ठरल्या जागी थांबवतच आले आहेत. मग संपूर्ण शहर बंद करायची गरज काय होती? विधानभवनापासून कितीतरी दूर, एखाद्या मैदानात बसलेल्या धरण्याने अधिवेशनाला काय अडथळा होतो? आदेशात याचा विचार दिसत नसेल तर तो इथेच पडतो. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून चालत नाही, हा मोहिंदरसिंग गिल प्रकरणातला नियम इथे फार उपयोगी पडतो. चौथी पायरी तोलण्याची: शहराला मिळालेली सोय आणि आंदोलकांनी गमावलेली संधी यांचा मेळ बसतो का? माझ्या मते ही पायरी सर्वांत निसरडी आहे, कारण तिथे न्यायाधीशाच्या मताला जागा मोठी. म्हणून युक्तिवादाचा भार तिसऱ्यावर ठेवा.

इथे एक गफलत नेहमी होते. अनुच्छेद १९(३) मध्ये ‘वाजवी निर्बंध’ म्हटलंय, म्हणून वेडन्सबरी लावायची, असं उत्तर येतं. ते चूक आहे. निर्बंध गरजेपेक्षा जास्त आहे का, हे आपलं सर्वोच्च न्यायालय १९५२ च्या व्ही. जी. राव निकालापासून स्वतः तपासत आलंय. २०२० च्या अनुराधा भसीन निकालानेही १४४ च्या आदेशांना प्रमाणशीरपणा लावला.

मग सगळीकडे प्रमाणशीरपणाच मांडावा का? नाही. समजा, रजेशिवाय दहा दिवस गैरहजर राहिलेल्या पोलिस शिपायाला बडतर्फ केलं आणि तो महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात गेला. त्याच्याशी भेदभाव झालेला नाही, शिक्षा मनमानी आहे एवढीच तक्रार. ओम कुमार निकालाने (२०००) नेमकी इथे रेघ आखली: अनुच्छेद १९ किंवा २१ खालचं स्वातंत्र्य किंवा १४ खालचा भेदभाव असेल तर प्रमाणशीरपणा, १४ खाली केवळ मनमानीचा आरोप असेल, आणि सेवेतल्या शिक्षेचा प्रश्न त्यातच बसतो, तर वेडन्सबरी. त्यामुळे शिपायाच्या वकिलाने ‘कमी शिक्षा पुरली असती’ म्हणून भागत नाही. शिक्षा न्यायालयाच्या सदसद्विवेकाला धक्का देणारी आहे, हे दाखवावं लागतं. रणजित ठाकूर प्रकरणात (१९८७) ते जमलं: जेवायचा हुकूम मोडला म्हणून सैनिकाला वर्षभराचा कारावास आणि बडतर्फी झाली होती.

शिपायासाठी मी आधी मागची सेवा, गैरहजेरीचं कारण आणि शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याने ते विचारात घेतलं की नाही, हे मांडेन. महत्त्वाची गोष्ट वगळली हा वेडन्सबरीचाच मुद्दा आहे, आणि शिक्षा धक्कादायक ठरवण्यापेक्षा तो सिद्ध करणं पुष्कळ सोपं असतं. तो पटला तर बहुधा प्रकरण शिक्षेच्या फेरविचारासाठी खात्याकडे परत जातं. किती शिक्षा द्यायची ते खातंच ठरवतं.