कंपनीचा लॅपटॉप घ्यायचा की स्वतःचाच वापरायचा?

परवा भाचीचा फोन आला. नवी नोकरी, पुण्यातच. "मामा, कंपनी म्हणतेय आमचा लॅपटॉप घे, नाहीतर स्वतःचा वापर, त्याचे दरमहा पैसे देऊ. पैसे घेऊ का?" मी बरीच वर्षं आयटी विभागात आहे, म्हणजे लोकांचे लॅपटॉप जिथून सांभाळले जातात त्या बाजूला. म्हटलं, पैशांचं नंतर बघू, आधी कुठे काय दिसतं ते ऐक.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. ऑफिसची मेल, टीम्सवरचं चॅट, वनड्राइव्हमधल्या फायली हे सगळं कंपनीच्या खात्यात असतं. ते तू कुठल्याही लॅपटॉपवरून उघडलंस तरी चौकशीची वेळ आली की कंपनी ते काढू शकते. तू पुसलेला मेसेजसुद्धा कंपनीच्या धोरणानुसार मागे जपून ठेवलेला असू शकतो.

फरक पडतो तो बाकीच्या वापरात. कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनी तिला हवं ते बसवू शकते. लॅपटॉप दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनसारखी व्यवस्था नुसती असेल, तर मॉडेल, सिरियल नंबर, विंडोजची आवृत्ती, बसवलेले प्रोग्रॅम अशी माहिती दिसते. ब्राउझिंगचा इतिहास किंवा फोटो त्यातून दिसत नाहीत. पण इंट्यून एकटं क्वचितच येतं. सोबत बऱ्याचदा प्रॉक्सी असते, म्हणजे तुझं सगळं इंटरनेट जिच्यातून जातं अशी मधली यंत्रणा, आणि ब्राउझरने तिच्यावर विश्वास ठेवावा म्हणून तिचं रूट सर्टिफिकेट मशिनवर टाकलेलं असतं. मग `https` साइटचा मजकूरही मध्ये उघडून तपासता येतो. बऱ्याच कंपन्या बँकांच्या साइट यातून वगळतात, पण काय वगळायचं ते त्या ठरवतात. इन्कॉग्निटोचा इथे काही उपयोग नाही. आणि स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर असेल, तर व्हॉट्सॲप वेबचं एन्क्रिप्शनही कामाचं नाही, कारण पडद्यावर मेसेज साधा, वाचता येईल असाच असतो.

अशी प्रॉक्सी ओळखायला सोपी आहे. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडायचं. ते देणाऱ्याच्या जागी नेहमीच्या संस्थेऐवजी तुझ्या कंपनीचं किंवा एखाद्या सुरक्षा उत्पादनाचं नाव दिसलं, तर मध्ये कुणीतरी बसलंय.

आता स्वतःचा लॅपटॉप. ब्राउझरमधून मेल पाहिली किंवा व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या संगणकाच्या खिडकीत काम केलं, तर साधारण त्या खिडकीपुरतंच कंपनीला दिसतं. घोळ होतो तो आउटलुक किंवा टीम्समध्ये पहिल्यांदा साइन इन करताना. एक चौकट येते, तिच्यात `Allow my organization to manage my device` असं काहीसं लिहिलेलं असतं. शब्द आवृत्तीनुसार थोडे बदलतात. घाईत लोक `OK` दाबतात, आणि कंपनीने तशी सोय चालू ठेवली असेल तर घरचा लॅपटॉप कंपनीच्या ताब्यातल्या यादीत जातो. तिथे फक्त त्या ॲपपुरतं साइन इन करायचा पर्याय निवडायचा. आधीच दाबलं गेलं असेल, तर `Settings` > `Accounts` > `Access work or school` मध्ये जा. खात्यावर क्लिक केल्यावर `Info` बटण दिसलं, तर लॅपटॉप कंपनीच्या व्यवस्थापनाखाली आहे असं समज.

त्याचा खरा धोका पाळतीपेक्षा पुसलं जाण्याचा. आमच्या पडद्यावर `Retire` आणि `Wipe` ही दोन वेगळी बटणं असतात. पहिल्याने फक्त कंपनीचा माल निघतो, दुसऱ्याने मशीन कोरं होतं. माझ्या एका जुन्या नोकरीत राजीनामा दिलेल्या एकाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर कुणीतरी दुसरं दाबलं. रात्री त्याने वायफाय लावलं आणि मुलीच्या बारशाचे फोटो गेले. बॅकअप नव्हता. माफी मागितली आम्ही, आणखी काय करणार!

कायदा फार मदतीला येईल असं धरू नकोस. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कारणासाठी, किंवा कंपनीला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरायला वाट ठेवलेली आहे. म्हणून पॉलिसीचा कागद मागून घे आणि त्यात स्क्रीनशॉट, प्रॉक्सी, रिमोट वाइप हे तीन शब्द शोध.

माझं मत विचारशील तर कंपनीचा घे. बिघडला तर बदलून देणं त्यांचं काम, आणि सोडताना परत केला की विषय संपला. स्वतःच्यावर काम करायचं तर ब्राउझर किंवा व्हर्च्युअल डेस्कटॉपपुरतंच. इंट्यूनमध्ये नोंदवायला सांगत असतील तर महिन्याचे ते पैसे सोडून दे.

तिने कंपनीचाच घेतला. पहिल्याच संध्याकाळी फोन: "मामा, क्रोममध्ये माझं जीमेल टाकलं, चालेल ना?" सिंक चालू होतं, घरच्या सगळ्या साइटचे जतन केलेले पासवर्ड ऑफिसच्या मशिनवर येऊन बसले होते. म्हटलं, आधी ते बंद कर, जतन केलेलं सगळं तिथून पूस, आणि बँकेचा पासवर्ड आजच बदल.