टू-फॅक्टर लॉगिन, नऊ महिन्यांनंतर: कोड होते, पण चालले नाहीत

मागच्या महिन्यात फोन हातातून निसटून पडला आणि पुन्हा सुरूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने बोर्ड गेलाय म्हणून सांगितलं. फोनचं दुःख होतंच, पण त्याच दिवशी मेलमध्ये शिरता येईना, त्याने जास्त घाबरवलं.

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन, सुरू करून तेव्हा आठ महिने झाले होते. तोवर माझी तक्रार एकच होती, दर वेळी फोन शोधत बसा. बाकी ऑथेंटिकेटर ॲप उत्तम चाललं होतं. दर 30 सेकंदांनी नवा 6 अंकी कोड, रेंज नसली तरी. क्यूआर कोड स्कॅन करतो तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते आणि त्या किल्लीवरून व घड्याळावरून फोन स्वतःच कोड काढतो, म्हणून रेंज लागत नाही. पण याचाच अर्थ असा की फोन मेला की किल्लीही गेली. माझ्या ॲपमध्ये क्लाउडवर साठवण्याची सोय होती, ती मीच बंद ठेवली होती.

तरी मी निर्धास्त होते, कारण फोन नसताना वापरायचे बॅकअप कोड डायरीत लिहून ठेवले होते. माझ्या मेलला एका संचात 10 कोड मिळतात, प्रत्येक 8 अंकी, प्रत्येक एकदाच चालतो. भावाच्या फोनवर पासवर्ड टाकला, ‘दुसरा मार्ग वापरा’ निवडलं, पहिला कोड टाकला. चुकीचा. वाटलं, माझा 1 आणि 7 सारखा दिसतो. 7 टाकून पाहिला, चुकीचा. दुसरा कोड, तिसरा कोड, तेही चुकीचे. मग थोड्या वेळाने प्रयत्न करा असा संदेश आला.

कारण कळायला संध्याकाळ झाली. मधे एकदा कोड नीट आहेत ना हे बघायला मी सेटिंगमध्ये गेले होते आणि तिथे ‘नवीन कोड मिळवा’ दाबलं होतं. नवा संच निघाला की जुना सगळाच्या सगळा रद्द होतो, न वापरलेले कोडसुद्धा. नव्या संचाची फाईल डाउनलोड झाली ती फोनच्याच डाउनलोड फोल्डरमध्ये, म्हणजे मेलेल्या फोनमध्ये. डायरीतली दहाही ओळी बाद झाल्या होत्या, पण कागद पाहून ते कळायला काही मार्ग नव्हता. हाताने उतरवताना मी तारीखच लिहिली नव्हती. माझा सगळा राग त्या एका बटणावर आहे. जुना संच बाद होणार हे तिथे ठळक अक्षरात का लिहीत नाहीत?

सुटका झाली ती एसएमएसमुळे, आणि एसएमएसबद्दल माझं मत अगदी वाईट होतं. कुणी फसवून आपल्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून घेतलं तर कोड त्याच्या हातात जातो, म्हणून तो पर्याय काढून टाकायचं मी ठरवलं होतं. आळसाने राहून गेलं. सिम भावाच्या फोनमध्ये घातलं, एसएमएस आला, मेल उघडला. सोशल खात्याच्या कोडचा स्क्रीनशॉट त्याच मेल खात्याच्या फोटो बॅकअपमध्ये सापडला, म्हणून तेही खातं उघडलं. पण आधी मेल उघडला नसता तर तो स्क्रीनशॉट मला दिसलाच नसता. मेलचे कोड मेलमध्ये ठेवणं म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवणं, आणि बाकीच्या खात्यांचे कोड तिथे ठेवले तर एका दाराबरोबर सगळी दारं बंद होतात.

आता नवा संच कागदावर छापून घेतलाय, हाताने नाही, म्हणजे 1 आणि 7 चा घोळ नको. वर तारीख आणि खात्याचं नाव आहे, पासवर्ड मात्र त्या कागदावर नाही. एक प्रत कागदपत्रांच्या फाईलमध्ये, एक बहिणीच्या घरी पाकिटात. ऑथेंटिकेटर पुन्हा लावताना तोच क्यूआर कोड जुन्या, सिम नसलेल्या हँडसेटनेही स्कॅन केला. दोन्हीकडे एकच अंक दिसतात. सुरुवातीला जुन्यावरचा कोड नाकारला जात होता, कारण त्याचं घड्याळ काही मिनिटं मागे होतं. वेळ दुरुस्त केली आणि चालला. हे दोन्ही नीट झाल्यावरच एसएमएस काढला.

छापल्यावर लगेच ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत जाऊन पहिला कोड खर्च करून पाहिला. 10 पैकी एक वाया घालवायला जिवावर आलं होतं, पण कागद खरा आहे हे त्याशिवाय कळत नाही. तो कोड दोन्ही प्रतींवर खोडलाय. आता 9 उरलेत. 3 वर आले की नवा संच काढीन, आणि त्याच दिवशी बहिणीकडे जाऊन पाकिटातला कागद बदलून येईन.