दुरुस्तीचा सरासरी वेळ: बिघाडापासून मोजावा की शोधापासून?

समजा, बिघाड 2:00 वाजता सुरू झाला, 2:40 ला लक्षात आला आणि 3:10 ला सेवा पूर्ववत झाली. तर दुरुस्तीचा वेळ बिघाडापासून मोजल्यास 70 मिनिटे भरतो आणि शोधापासून मोजल्यास 30. पुढच्या तिमाहीत अलार्म सुधारल्याने असे बिघाड 10 मिनिटांतच कळू लागले, तर पहिल्या पद्धतीत सरासरी 40 वर उतरते आणि दुरुस्तीच जलद झाल्याचा भास होतो, वास्तविक ती 30 मिनिटे जशीच्या तशी असतात. वापरकर्त्यांचा एकूण खोळंबा पहिली पद्धत सांगते; सुधारणा नेमकी कुठे झाली हे पाहण्यासाठी मात्र दुसरी घ्यावी आणि बिघाडापासून शोधापर्यंतचा वेळ वेगळा मोजावा. बिघाडाची वेळ लॉगमधून पडताळावी, कारण नोंदीत बहुधा अलार्मचीच वेळ भरलेली असते आणि शोधाचा वेळ फसवा शून्य दिसतो.