त्वचारोगतज्ज्ञांना पहिल्या भेटीआधी लिहिलेलं एक पानी पत्र : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

त्वचारोगतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताना मी त्वचेचा इतिहास, चालू क्रीम-गोळ्या आणि माझी अपेक्षा असं सगळं एका पानावर लिहून नेलं होतं. पहिल्या भेटीत त्या पत्राचा जेवढा उपयोग झाला, तेवढाच पुढच्या महिन्यांतही होत राहिला. म्हणून पत्रातल्या कोणत्या ओळी कामाला आल्या आणि कोणत्या नुसत्या जागा अडवून बसल्या, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी पत्राचा मुख्य भाग जसाच्या तसा देते.

«आदरणीय डॉक्टर, नमस्कार. वय ३३. मुख्य तक्रार : कपाळावर आणि केसांच्या रेषेलगत बारीक, सगळ्या एकाच आकाराच्या पुळ्या. सप्टेंबरच्या मध्यापासून. खाज येते, घाम आल्यावर जास्त.

दुसरी तक्रार : हनुवटी आणि जबड्यावर मोठे, दुखणारे मुरूम. कॉलेजपासून आहेत, पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतात. त्यांचे तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

आधीचे उपचार : जबड्यावरच्या मुरमांसाठी जुलै ते सप्टेंबर डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ, रोज एक. जबडा बराच सुधारला. कपाळावरच्या पुळ्या ह्या गोळ्या चालू असतानाच सुरू झाल्या. ऑक्टोबरपासून बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के जेल. जबड्यावर उपयोग, कपाळावर फरक नाही.

सध्या : सकाळी सौम्य फेसवॉश आणि सनस्क्रीन. रात्री ॲडापलीन ०.१ टक्के जेल, वाटाण्याएवढं, एक दिवसाआड, नोव्हेंबरपासून, त्यावर मॉइश्चरायझर. केसांना आठवड्यातून दोनदा तेल, रात्रभर. कोंडा आहे, कोंड्याचा औषधी शाम्पू गेल्या दोन महिन्यांत वापरलेला नाही.

इतर : मधुमेह नाही. औषधांची ॲलर्जी माहीत नाही. सध्या गर्भनिरोधक गोळ्या घेत नाही. साधारण वर्षभरानंतर बाळाचा विचार आहे.

अपेक्षा : पहिली, कपाळाची खाज थांबावी आणि नव्या पुळ्या येऊ नयेत. दुसरी, डाग फिके व्हावेत, वेळ लागला तरी चालेल. तिसरी, रात्री तीनपेक्षा जास्त गोष्टी लावायला लागू नयेत.»

डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि त्यांचं पेन दोन ठिकाणी थांबलं : ‘खाज येते’ आणि ‘गोळ्या चालू असतानाच सुरू झाल्या’. त्यानंतर त्यांनी विचारलं ते सगळं त्या दोन ओळींच्या अनुषंगाने. पाठीवर, छातीवर अशाच पुळ्या आहेत का? कोंडा कधीपासून? मग भिंगातून कपाळ बघितलं. साध्या मुरमांमध्ये काळे-पांढरे ठिपके, लहान पुळ्या, मोठे फोड असं सगळं मिसळलेलं असतं आणि सहसा खाज हे त्याचं मुख्य लक्षण नसतं. माझ्या कपाळावर ते ठिपके जवळजवळ नव्हतेच. होत्या त्या एकाच मापाच्या, केसाच्या मुळाशी आलेल्या पुळ्या.

त्यांना संशय आला मॅलॅसेझिया फॉलिक्युलायटिसचा, म्हणजे बुरशीमुळे केसाच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्यांचा. मॅलॅसेझिया ही यीस्ट प्रकारची बुरशी प्रत्येकाच्या त्वचेवर असते आणि ती त्वचेतल्या तेलकट पदार्थांवर जगते. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकने जिवाणू कमी होतात, पण बुरशीवर त्याचा काही परिणाम होत नाही. जिवाणूंची स्पर्धा घटली की केसाच्या मुळाशी तिला वाढायला मोकळं रान मिळतं. म्हणून जबडा सुधारत होता आणि त्याच वेळी कपाळ बिघडत होतं. ‘गोळ्यांनी आधी बरं वाटलं, मग पुन्हा सुरू झालं’ एवढंच मी तोंडी सांगितलं असतं, तर दोन्ही तक्रारी एकच वाटल्या असत्या आणि अँटिबायोटिक पुन्हा चालू होण्याची शक्यता होती.

पण त्या ओळींनी फक्त संशय निर्माण केला, निदान नाही. लांब चाललेल्या अँटिबायोटिकनंतर दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंमुळेही पुळ्या येऊ शकतात. त्या बहुधा नाक-तोंडाभोवती आणि पूवाळलेल्या असतात. केसांचं तेल कपाळावर उतरूनही केसांच्या रेषेलगत पुरळ येतं. म्हणून डॉक्टरांनी एका पुळीतला ऐवज खरवडून काचेवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. बुरशीचे गोल कण भरपूर दिसले. त्या म्हणाल्या की ही बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असल्याने थोडे कण दिसले तर त्यावरून काही ठरत नाही. किती आहेत, लक्षणं जुळतात का आणि उपचाराला प्रतिसाद मिळतो का, हे तिन्ही एकत्र बघावं लागतं. शाम्पूची ओळ इथे उपयोगी पडली. कोंड्याच्या औषधी शाम्पूत बुरशीनाशक असतं, आणि ते आदल्या दिवशीपर्यंत वापरलेलं असेल तर तपासणीत बुरशी कमी दिसू शकते.

बाळाच्या विचाराची ओळ मी शेवटच्या क्षणी घातली होती. त्वचेच्या पत्रात तिचं काय काम, असं वाटत होतं. प्रत्यक्षात उपचाराची दिशा सगळ्यात जास्त बदलली ती तिनेच. तीव्र मुरमांसाठी देतात त्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांनी गर्भाला गंभीर इजा होऊ शकते, आणि तोंडाने घ्यायची काही बुरशीनाशकंही गरोदरपणात टाळतात. डॉक्टरांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि बाहेरून लावायच्या औषधांपासून सुरुवात केली : कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा २ टक्के शाम्पू कपाळावर आणि डोक्यावर लावून पाच मिनिटांनी धुवायचा, आणि कपाळावर त्याच औषधाचं क्रीम. बुरशी केसाच्या मुळात खोलवर असल्याने गोळ्या जास्त लवकर काम करतात, हे त्यांनी लपवलं नाही. चार आठवड्यांत फरक पडला नाही तर गोळ्यांचा विचार करू, असं ठरलं. जबड्यासाठी आणि डागांसाठी ॲझेलेइक ॲसिड आलं. ते मुरूम आणि डाग या दोन्हींवर चालतं आणि गरोदरपणातही वापरता येतं. ॲडापलीन सध्या चालू ठेवायचं, पण बाळासाठी प्रयत्न सुरू करण्याआधी बंद करायचं. केसांचं तेल रात्रभर ठेवणं थांबलं.

पत्रातला वाया गेलेला भागही सांगते, कारण बहुतेक जण तोच आधी लिहितात. ‘माझी त्वचा कॉम्बिनेशन आणि सेन्सिटिव्ह आहे’ या ओळीवर डॉक्टरांनी नजरही थांबवली नाही. त्वचा किती तेलकट आहे ते त्यांना समोर दिसतच होतं. त्याऐवजी काय लावल्यावर काय झालं, हे लिहावं. ग्लायकोलिक ॲसिडने मला जळजळ झाली होती आणि दुसऱ्या दिवशी त्वचा सोलवटली होती. हे मी तोंडी सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच टिपून घेतलं आणि ॲझेलेइक ॲसिड रोज न लावता आठवड्यातून तीनदा सुरू करायला सांगितलं. नुसत्या ब्रँडच्या नावांचाही फारसा उपयोग नाही. औषधाचं नाव, टक्केवारी, कुठे लावता, किती वेळा आणि कधीपासून, एवढं असलं की बाकीचं डॉक्टर जुळवून घेतात. ज्याचे घटक कळत नाहीत त्या बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्यावा. चेहऱ्याला न लावलेल्या पण चेहऱ्यापर्यंत पोचणाऱ्या गोष्टी, म्हणजे तेल, केसांचं जेल, कंडिशनर, त्याच यादीत हव्यात.

निदानाचं नाव स्वतः लिहू नये, असंही माझं ठाम मत झालं आहे. ‘मला फंगल ॲक्ने आहे’ असं लिहिलं की वाचणारा आधी ते खरं की खोटं ठरवायला लागतो. खाज, आकार, जागा, तारीख लिहिली तर त्याला स्वतः विचार करायला मोकळीक राहते.

पत्रासोबत तीन फोटो होते : खिडकीच्या उजेडात, फिल्टर आणि मेकअपशिवाय, एक कपाळाचा आणि दोन जबड्याच्या दोन्ही बाजूंचे. जबड्याचे मी मुद्दाम पाळीआधीच्या आठवड्यात काढले होते, कारण भेटीच्या दिवशी जबडा शांत असण्याची शक्यता होती, आणि तो तसाच होता.

आता पुढच्या महिन्यांबद्दल. दुसऱ्या भेटीपर्यंत खाज थांबली होती आणि कपाळ बरंचसं सपाट झालं होतं. गोळ्यांची गरज पडली नाही. डाग मात्र तसेच होते. अपेक्षा वेगवेगळ्या लिहिलेल्या असल्यामुळे उपचार फसला असं ना मला वाटलं ना डॉक्टरांना. पुळी बसायला आठवडे लागतात, पण सावळ्या त्वचेवर तिने मागे ठेवलेला डाग जायला कित्येक महिने. डॉक्टरांनी तेव्हाच साधं सनस्क्रीन बदलून आयर्न ऑक्साइड असलेलं, रंग असलेलं सनस्क्रीन दिलं, कारण डाग गडद होण्यात अतिनील किरणांबरोबर दृश्य प्रकाशाचाही वाटा असतो आणि तो साध्या सनस्क्रीनने फारसा अडत नाही. तीन-चार महिन्यांनी पहिल्या फोटोंशी ताडून बघितलं तेव्हा गालाकडचे डाग निश्चित फिके झालेले दिसले. रोज आरशात बघून हे मला कधीच कळलं नसतं.

मधे दाढेच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिकचा छोटा कोर्स झाला आणि काही दिवसांत कपाळावर पुन्हा तशाच खाजऱ्या पुळ्या आल्या. पत्रात कोर्सच्या आणि पुळ्यांच्या तारखांची भर घातली. डॉक्टरांनी ते वाचून शाम्पूचा वापर काही आठवडे वाढवला आणि नंतर आठवड्यातून एकदा कायम ठेवायला सांगितला, कारण ही तक्रार परत परत येते. त्यानंतर कुठल्याही डॉक्टरांकडे गेले तरी हे पान मी दाखवते.

पानाच्या मर्यादाही आहेत. त्वचा हाताने चाचपून आणि भिंगातून बघून जे कळतं ते कागदावर येत नाही. आणि पत्र एका पानाच्या पुढे गेलं की ते नुसतं चाळलं जातं. मी जुन्या ओळी गाळूनच नव्या घालते. कपाळाची तक्रार आता शेवटच्या दोन ओळींत मावली आहे. जबड्यावरचे मुरूम मात्र पाळीआधी अजून येतात, म्हणून सध्या पत्रात सगळ्यात वर तीच तक्रार आहे आणि तिच्याखाली मागच्या चार पाळ्यांच्या तारखा आहेत. बाळाचा विचार लक्षात घेऊन हार्मोनच्या अंगाने काय तपासायचं आणि काय टाळायचं, हे पुढच्या भेटीत ठरणार आहे.