एकेक पायरी की निम्मे-निम्मे?

व्होल्टेजचा आकडा करून देणारा ८ बिटांचा एडीसी घ्या: पायरी १० मिलिव्होल्टची, इनपुट १.७३५ व्होल्ट. काउंटरवाला एडीसी आकड्याचं उलट व्होल्टेज करणाऱ्या आतल्या डॅकला शून्यापासून एकेक पायरी चढवतो. १७४व्या पायरीवर डॅक इनपुटच्या वर जातो, तेव्हा कुठे तो थांबतो. सर्किट सोपं, पण इनपुट जितकं मोठं तितका वेळ जास्त.

दुसऱ्या प्रकारचा एडीसी, एसएआर, थेट मधोमध हात घालतो. डॅकवर १२८, म्हणजे १.२८ व्होल्ट, इनपुट वर आहे, बिट ठेवा. आणखी ६४ मिळवले की १.९२ होतात, जास्त झाले, बिट काढा. मग १६० ठेवा, १७६ काढा, १६८ आणि १७२ ठेवा, १७४ काढा, १७३ ठेवा. उत्तर 10101101. इनपुट कितीही असो, तुलना आठच. माझी पसंती यालाच.

मात्र एसएआर मागे वळत नाही. पहिला बिट ठेवल्यावर इनपुट १.२० व्होल्टवर घसरलं, तर बाकीचे सगळे बिट शून्य होऊन उत्तर १२८वरच अडकतं. म्हणून सुरुवातीलाच इनपुट कपॅसिटरवर धरून ठेवावं लागतं. सेन्सरचा रोध मोठा असेल तर तो कपॅसिटर वेळेत भरत नाही. चॅनल बदलल्यावर पहिलं रीडिंग आधीच्या चॅनलकडे ओढलेलं दिसलं, तर आधी तिथेच पाहा.